एमबीबीएसनंतर प्रायव्हेट आरएमओ, सरकारी कंत्राटी एमओ की रेसिडेन्सी? पगार, शिकणं आणि ड्युटी अवर्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंटर्नशिप संपत आली की ज्युनियर्सचे मेसेज सुरू होतात आणि प्रश्न दरवर्षी जवळपास तेच असतात, म्हणून एकदा नीट बसून सगळं लिहून काढतेय. मी स्वतः तिन्ही केलंय: सात महिने प्रायव्हेटमध्ये आरएमओ, मग अकरा महिन्यांची पीएचसीची ऑर्डर, आणि त्यानंतर सरकारी कॉलेजात मेडिसिनची तीन वर्षं. इथले आकडे महाराष्ट्रातले आहेत. तुमच्या ऑफरमधला आकडा वेगळा असेल तर तो टाकून गणित पुन्हा करा, पद्धत तीच राहील.

हे तीन पर्याय म्हणजे नेमकं काय? मला आरएमओ आणि जेआर यातलाच फरक नीट कळत नाही.

आरएमओ म्हणजे प्रायव्हेट हॉस्पिटलने वॉर्ड, कॅज्युअल्टी किंवा आयसीयू सांभाळायला ठेवलेला डॉक्टर. पेशंट कन्सल्टंटचा असतो, ऑर्डर्स त्याच्या असतात, आणि तो नसताना पेशंटजवळ तुम्ही असता. शेवटी हातात एक्सपिरियन्स लेटर येतं, डिग्री नाही.

कंत्राटी एमओ म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियान, जिल्हा परिषद किंवा महानगरपालिकेकडची ठरावीक मुदतीची पोस्ट, बहुतेक वेळा ११ महिन्यांची ऑर्डर, मग रिन्यूअल. परमनंट एमओ ही वेगळी गोष्ट, तो गट अ अधिकारी असतो, ५६,१०० बेसिकपासून पगार सुरू आणि वर भत्ते. काम दोघांचं एकाच टेबलावर चालतं म्हणून लोक गोंधळतात, पण कंत्राटीला एकत्रित मानधन असतं, त्यावर महागाई भत्ता नाही की पेन्शन नाही.

जेआर म्हणजे नीट पीजी देऊन मिळालेली सीट. तुम्ही कागदावर विद्यार्थी असता, मिळतो तो स्टायपेंड, आणि तीन वर्षांनी एमडी, एमएस किंवा डीएनबी.

सगळ्यात जास्त पैसे कुठे मिळतात?

महिन्याच्या आकड्यावर गेलात तर हमखास फसाल. तासाला किती पडतात ते काढा. मी दरवर्षी ज्युनियर्सना एकच गणित करून दाखवते, तेच इथे देते.

पहिली ऑफर, शहरातलं मध्यम आकाराचं हॉस्पिटल, आयसीयू आरएमओ, ५५ हजार, १२ तासांची शिफ्ट, महिन्याला २६ ड्युट्या. म्हणजे ३१२ तास. पण सकाळी आठला सुटणारा माणूस आठला सुटत नाही, पुढचा आरएमओ येईपर्यंत आणि बेड टू बेड ओव्हर देईपर्यंत नऊ वाजतात, म्हणजे अजून २६ तास धरा. ३३८ तासांत ५५ हजार, तासाला साधारण १६३ रुपये.

दुसरी, शहरी भागातला कंत्राटी एमओ, ६० हजार. आपला दवाखान्यासारखी पोस्ट घेतली तर दुपारी दोन ते रात्री दहा, आठ तास, २६ दिवस, म्हणजे २०८ तास. तासाला २८८.

तिसरी, सरकारी कॉलेजात मेडिसिनचा जेआर वन. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने १० हजारांची वाढ दिली, त्यानंतर स्टायपेंड ८५ हजारांच्या आसपास धरा. आता युनिटची इमर्जन्सी आठवड्यातून दोनदा असलेला आठवडा घ्या. सोमवारी सकाळी आठला आत गेलात ते मंगळवारी रात्री आठला बाहेर, ३६ तास. बुधवारी १२. गुरुवार-शुक्रवार परत ३६. शनिवारी १२, रविवारी राउंड आणि रिपोर्ट गोळा करणं मिळून ६. बेरीज १०२ तास, महिन्याचे ४४० च्या आसपास. तासाला १९३ रुपये.

म्हणजे महिन्याच्या पगारात जेआर सगळ्यात वर, तासाच्या हिशोबात कंत्राटी वर, आणि प्रायव्हेट आरएमओ दोन्हीकडे खाली. लोकांना वाटतं प्रायव्हेट म्हणजे पैसा. कन्सल्टंटसाठी असेल, प्लेन एमबीबीएस आरएमओसाठी नाही, कारण त्या खुर्चीवर बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरही कमी पगारात बसायला तयार असतात आणि हॉस्पिटलला ते पक्कं माहीत असतं.

२४ तासांच्या ड्युटीत झोपायला मिळतं म्हणतात, मग ते सगळे तास का मोजायचे?

कारण त्या झोपेतून कोणीही कधीही उठवू शकतं, आणि उठल्यावर दोन मिनिटांत पोटॅशियमचा डोस अचूक लिहायचा असतो. एका महिन्याला १५ ड्युट्या २४ तासांच्या म्हणजे ३६० तास झाले, १२ तासांच्या २६ ड्युट्यांपेक्षा जास्त, पण सांगताना "महिन्यातून फक्त पंधरा दिवस काम" असं सांगतात आणि ते कानाला छान वाटतं. एक साधा प्रश्न विचारा, रात्री एकट्या आरएमओकडे किती बेड असतात. वीस स्टेबल वॉर्ड पेशंट असतील तर झोप मिळेल. आठ बेडचा आयसीयू आणि वर कॅज्युअल्टीही तुमच्याकडेच, तर नाही मिळणार.

५५ हजार ठरले होते, अकाउंटला ४९,५०० आले. कापले का?

बहुतेक हॉस्पिटल्स आरएमओला पगारी नोकर न दाखवता प्रोफेशनल फी देतात आणि त्यावर दहा टक्के टीडीएस कापतात. ५,५०० महिन्याला, वर्षाचे ६६ हजार. हे पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरल्यावर मिळतात. डॉक्टरांना प्रिझम्प्टिव्ह पद्धतीने एकूण फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते, ६ लाख ६० हजारांचे निम्मे ३ लाख ३० हजार, दुसरं उत्पन्न नसेल तर त्यावर टॅक्स बसत नाही आणि पूर्ण टीडीएस परत येतो. पण रिटर्नच न भरणारे कितीतरी आरएमओ मी पाहिलेत, एका महिन्यापेक्षा जास्तीचा पगार सरकारकडे सोडून देतात.

यात न दिसणारी गोष्ट वेगळीच आहे. प्रोफेशनल फी म्हणजे पीएफ नाही, पगारी रजा नाही, आजारी पडलात तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. मला आरएमओ असताना डेंग्यू झाला होता, नऊ दिवस ॲडमिट होते, त्या नऊ दिवसांचे पैसे कापले गेलेच आणि माझ्या जागी आलेल्या लोकमला जास्त द्यावे लागले म्हणून तो फरकही माझ्याकडून घेतला. ऑफर लेटरमध्ये तसं काहीच लिहिलेलं नव्हतं, पण मी ऑफर लेटर मागितलंच नव्हतं.

कंत्राटीचा पगार वेळेवर होतो का? घरी ईएमआय आहे.

दर महिन्याच्या एक तारखेला होईल असं धरून चालू नका. अभियानाचा निधी वरून टप्प्याटप्प्याने येतो, तो अडकला की मानधन अडकतं, दोन-दोन महिने थांबून मग एकदम होतं. मिळत नाही असं नाही, उशिरा मिळतं. नवीन ऑर्डरचा पहिला पगार तर हमखास लांबतो कारण जॉइनिंग रिपोर्ट, बँक डिटेल्स, हजेरी हे सगळं तालुक्यातून जिल्ह्याला जाईपर्यंत महिना जातो. तीन महिन्यांचा खर्च बाजूला असेल तर निवांत घ्या, नसेल तर घरच्यांना आधी सांगून ठेवा. आणि ११ महिने झाले की एक दिवसाचा खंड दाखवून नवी ऑर्डर देतात, ती वेळेत निघते का हे त्याच केंद्रातल्या आधीच्या डॉक्टरला विचारा.

रेसिडेंटच्या ड्युटी अवर्सना काही कायदा-नियम आहे की नाही?

कागदावर आहे. १९९२ ची केंद्राची रेसिडेन्सी स्कीम सांगते की सलग काम साधारण १२ तासांपेक्षा जास्त नसावं, आठवड्याला ४८ तास, आणि आळीपाळीने एक वीकली ऑफ. नॅशनल मेडिकल कमिशनच्या २०२३ च्या पीजी नियमांत आकडा नाही, तिथे कामाचे तास आणि विश्रांती "वाजवी" असावी असं म्हटलंय, वीकली ऑफ आहे, वर्षाला किमान २० किरकोळ रजा आहेत. वरच्या गणितातले १०२ तास आणि हे ४८ शेजारी ठेवून बघा.

असं का होतं याचं कारण वॉर्डात उभं राहिलं की दिसतं. इमर्जन्सीच्या दिवशी युनिटला तीस-चाळीस ॲडमिशन होतात, त्यांची हिस्ट्री, ब्लड कलेक्शन, रिपोर्ट, सीटीला घेऊन जाणं हे सगळं जेआर वन करतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला हेच पेशंट प्रेझेंट करायला त्याच्याशिवाय दुसऱ्याला काही माहीत नसतं. म्हणून तो घरी जाऊ शकत नाही. मामा नसेल तर ट्रॉली ढकलायची, सॅम्पल लॅबला नेऊन द्यायचं, ब्लड बँकेत रांगेत थांबायचं, हेही त्याच तासांत येतं. मी पहिल्या वर्षी एकदा अंदाजाने मोजलं होतं, ३६ तासांतले सहा-सात तास मी असं काम केलं ज्याला डॉक्टर लागतच नाही. सीट निवडताना म्हणून फक्त कॉलेजचं नाव बघू नका, तिथल्या जेआर वनला विचारा की सॅम्पल कोण नेतं.

खरं शिकायला कुठे मिळतं? सगळे आपापलं चांगलं सांगतात.

यावर मी एकच पेशंट तीन ठिकाणी ठेवून विचार करते. साप चावलेला पेशंट घ्या.

पीएचसीत पावसाळ्यातल्या एका रात्री भाताच्या खाचरातून एकाला आणलं, पायाला चावा, घोट्यापर्यंत सूज, बाकी शुद्धीवर. २० मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट करायची मला पाठ होती, दोन मिली रक्त ट्यूबमध्ये, हलवायचं नाही, वीस मिनिटांनी तिरकी करून बघायची. मी हाताला लागली त्या प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं. वीस मिनिटांनी रक्त पाण्यासारखं वाहिलं आणि मी लगेच अँटिस्नेक व्हेनमच्या वायल्स काढायला सांगितल्या. तेवढ्यात क्वार्टरमधून उठून आलेल्या लॅब टेक्निशियनने विचारलं, "मॅडम, काचेची घेतली का?" काचेच्या पृष्ठभागामुळे क्लॉटिंग सुरू होतं, प्लास्टिकमध्ये नॉर्मल रक्तही नीट गोठत नाही, आणि काचेची ट्यूब साबणाने धुतलेली असेल तरी तेच होतं. कोऱ्या काचेच्या ट्यूबमध्ये परत घेतलं, गोठलं. मग दर अर्ध्या तासाने रिपीट करत बसलो आणि तिसऱ्या वेळी मात्र खरंच गोठलं नाही. ॲड्रिनलिन भरून शेजारी ठेवलं, दहा वायल्स सुरू केल्या, १०८ बोलावली आणि जिल्हा रुग्णालयात पाठवलं. त्या एका रात्रीत मी जे शिकले ते कुठल्याच लेक्चरमध्ये शिकले नव्हते. पण तो पेशंट पुढे कसा होता, किडनी वाचली का, मला आजतागायत माहीत नाही.

तोच पेशंट प्रायव्हेटला आला असता तर मी कन्सल्टंटला फोन केला असता, सरांनी फोनवर ऑर्डर सांगितली असती, मी लिहून दिली असती. निर्णय त्यांचा, हात माझे. चांगला इंटेन्सिव्हिस्ट असेल तर तो सकाळी येऊन दहा मिनिटं समजावतो, सेंट्रल लाइन टाकायला देतो, व्हेंटिलेटरचे ग्राफ दाखवतो. नसेल तर सात महिन्यांनीही तुम्ही फोनवरच्या ऑर्डर्सच लिहीत असता.

मेडिसिनच्या युनिटला आला तर पहिल्या रात्री अँटिस्नेक व्हेनम तुम्हीच देता, तिसऱ्या दिवशी युरिन कमी झालेलं तुम्हालाच दिसतं, डायलिसिसला तुम्हीच घेऊन जाता, आणि राउंडला सर सगळ्यांसमोर विचारतात की दुसरा डोस सहा तासांनीच का दिला. पेशंट शेवटपर्यंत तुमच्याकडे राहतो आणि तुमच्या प्रत्येक निर्णयाला कोणीतरी जाब विचारतं. माझ्या मते शिकणं याच दोन गोष्टींवर ठरतं. पीएचसीत निर्णय मिळतो पण शेवट दिसत नाही, प्रायव्हेटला शेवट बऱ्याचदा दिसतो पण निर्णय मिळत नाही, रेसिडेन्सीत दोन्ही मिळतं आणि त्याची किंमत झोपेत मोजावी लागते.

एक मात्र सांगते, पीएचसीत शिकायला मिळत नाही असं म्हणणाऱ्यांनी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम वाचावं, विंचूदंशाच्या पेशंट्सचं बारकाईने निरीक्षण त्यांनी कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच सुरू केलं आणि पुढे प्राझोसिनचा वापर जगासमोर मांडला. पण ते रजिस्टर ठेवून प्रत्येक पेशंटचा पाठपुरावा करायचे. मी तसा केला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तुम्ही पीएचसीला जाणार असाल तर रेफर केलेल्या पेशंटच्या नातेवाईकांचा फोन नंबर वहीत लिहून ठेवा आणि चार दिवसांनी फोन करा.

नीट पीजीचा अभ्यासही करायचाय. कोणती नोकरी घेऊ?

ठरलेल्या वेळेची शहरी कंत्राटी पोस्ट. दुपारी दोनला जायचं असेल तर सकाळचे पाच-सहा तास डोकं ताजं असताना हातात असतात, आणि ते रोज असतात, हे जास्त महत्त्वाचं. नाइट शिफ्टवाले सांगतात की रात्री वाचता येतं, पण आयसीयूत मॉनिटरचा आवाज आला की उठायचंच असतं आणि दुसरा दिवस झोपण्यात जातो. गावातल्या पीएचसीत दुपारी वेळ मिळतो हे खरं, पण मुख्यालयी राहायचं असल्याने रात्री डिलिव्हरीला उठावं लागतं, आणि दुसऱ्या एमओची पोस्ट रिकामी असेल तर दोघांच्या रात्री तुमच्याच. जॉइन होण्याआधी विचारा, मंजूर पदं दोन आहेत ठीक आहे, पण भरलेली किती?

परीक्षेच्या आधीचे दोन-अडीच महिने मात्र कुठलीच नोकरी ठेवू नका असं मी सांगेन, पैशाची फारच ओढ नसेल तर.

आधी आयसीयू आरएमओ केलं तर पुढे मेडिसिन, ॲनेस्थेशियाच्या रेसिडेन्सीत फायदा होतो का?

पहिले दोन-तीन महिने होतो. इन्ट्युबेशनला हात थरथरत नाही, एबीजी पटकन वाचता येतो. सीट मिळवायला मात्र काही उपयोग नाही, तिथे फक्त स्कोअर आणि रँक चालते, एक्सपिरियन्स लेटरला शून्य मार्क. आणि एक तोटा आहे जो नंतर कळतो, जिथे प्रत्येक तापाला दोन महागडी अँटिबायोटिक्स पहिल्याच दिवशी सुरू होतात अशा ठिकाणी सवय लागली तर ती मोडायला वेळ लागतो. माझी मोडायला एका असोसिएट प्रोफेसर मॅडमची सहा महिने रोजची बोलणी लागली.

सरकारी कॉलेजचा बाँड आहे. प्रायव्हेटला वर्ष काढलं तर तो सुटतो का?

नाही. बाँडची सेवा म्हणजे शासनाने दिलेल्या पोस्टिंगवरची सेवा, प्रायव्हेटचं वर्ष त्यात धरत नाहीत. एमबीबीएसचा बाँड एक वर्षाचा, न केल्यास १० लाख, पीजीनंतर पुन्हा एक वर्ष आणि तिथे दंड ५० लाख. स्वतः जाहिरात बघून घेतलेली कंत्राटी पोस्टसुद्धा आपोआप बाँडमध्ये धरली जाईल असं समजू नका, ऑर्डरवर बंधपत्रित असं लिहिलंय का ते बघा, नाहीतर अकरा महिने करून झाल्यावर कळतं की ते मोजलंच नाही. सेवा पूर्ण झाली की त्याच आठवड्यात सर्टिफिकेट घ्या, अधिकारी बदलून गेले की तो कागद मिळवायला चपला झिजतात.

कंत्राटी सेवा केली तर पीजीला इन-सर्विस कोटा मिळतो ना?

हा कोटा नियमित सेवेतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आहे. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर मिळेल असं धरून दोन वर्षांचं प्लॅनिंग करू नका. त्या वर्षीच्या सीईटी सेलच्या माहिती पुस्तिकेत पात्रतेचं कलम असतं, ते स्वतः वाचा, ऑफिसमधल्या कोणाच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नका.

प्रायव्हेटला जॉइन होताना काय काय विचारायचं?

सगळ्यात आधी, ओरिजिनल सर्टिफिकेट्स देऊ नका. डिग्री नाही, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही नाही. दाखवा, व्हेरिफाय करू द्या, झेरॉक्स द्या आणि ओरिजिनल घेऊन घरी या. "सगळेच देतात" म्हणाले तरी नाही. माझ्या बॅचमेटची ओरिजिनल्स अडवून ठेवली होती आणि पीजीचं जॉइनिंग दोन दिवसांवर आलं होतं, शेवटी उरलेला पगार सोडून देऊन तिने कागद सोडवले.

मग विचारायचं ते हे: पहिल्या महिन्याचा पगार डिपॉझिट म्हणून ठेवता का आणि तो परत कधी देता, नोटीस पिरियड किती, पीजीला नंबर लागला तर त्यात सूट आहे का, रात्री माझ्याकडे किती बेड, कन्सल्टंट रात्री प्रत्यक्ष येतात की फोनवरच असतात. उत्तरं ऑफर लेटरमध्ये किंवा निदान मेलवर घ्या. आणि एक रात्र तिथल्या चालू आरएमओबरोबर कॅज्युअल्टीत नुसती बसून काढा, एचआरच्या तासाभराच्या गप्पांपेक्षा जास्त कळेल.

सह्यांचं खूप ऐकते. आरएमओने कशावर सही करू नये?

स्वतः न तपासलेल्या पेशंटच्या कुठल्याही कागदावर. सगळ्यात जास्त गडबड मृत्यूच्या कारणाच्या फॉर्म ४ मध्ये होते. पहाटे पेशंट जातो, फॉर्म समोर येतो आणि घाईत लोक कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट लिहून मोकळे होतात. ते मृत्यूचं कारण नाही, मृत्यू कसा झाला त्याचा प्रकार आहे. कशामुळे झाला ती साखळी लिहायची असते, आणि ती कन्सल्टंटशी बोलूनच. केसमध्ये पॉइझनिंग, ॲक्सिडेंट किंवा संशय असेल तर आधी पोलिसांना कळवणं, फॉर्मवर सही करून बॉडी सोडायची नाही.

दुसरं म्हणजे तुमचा रजिस्ट्रेशन नंबर. काही ठिकाणी योजनांच्या मान्यतेसाठी पूर्णवेळ डॉक्टरांची यादी द्यावी लागते आणि त्यात सोडून गेलेल्यांची नावंही तशीच राहतात. नोकरी सोडताना एक मेल टाका की अमुक तारखेपासून मी इथे काम करत नाही आणि माझं नाव, नंबर सगळ्या याद्यांमधून काढावा. त्या मेलची प्रत जपून ठेवा.

पीएचसीत केस झाली तर? ग्राहक न्यायालयाची भीती वाटते.

जिथे सगळ्यांनाच सेवा मोफत मिळते ती केंद्रं ग्राहक कायद्याखाली येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता केसमध्ये स्पष्ट केलंय. निष्काळजीपणाची दिवाणी किंवा फौजदारी तक्रार मात्र होऊ शकते, त्यामुळे इन्डेम्निटी इन्शुरन्स तिन्ही ठिकाणी घ्या, एमबीबीएससाठी त्याचा हप्ता फार नसतो. पीएचसीत खरा त्रास वेगळा आहे, तिथे पोस्टमॉर्टेम आणि एमएलसी तुम्ही करता, आणि समन्स काही वर्षांनी येतं, तेव्हा तुम्ही कुठल्यातरी आयसीयूत जेआर असता. प्रत्येक पीएमच्या नोट्सचा स्वतःसाठी क्रमांक-तारीख लिहून ठेवा, म्हणजे समन्स आलं की रेकॉर्ड कुठून काढायचं ते कळतं.

सगळ्या ब्रँचना १०० तास असतात का? आणि डीएनबीत कमी असतात का?

नाही. मेडिसिन, सर्जरी, ऑर्थो, गायनॅक, पेड्सचं पहिलं वर्ष असं असतं. ॲनेस्थेशियात रात्र जोरदार जाते पण बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशी पोस्ट-ड्युटी ऑफ खरोखर मिळतो, कारण झोपेत असलेल्या माणसाला ओटीत कोणी उभं करत नाही. स्किन, सायकियाट्री, रेडिओलॉजी त्यापेक्षा बरं, पीएसएम, पॅथॉलॉजी बऱ्यापैकी ऑफिसच्या वेळेत. शिवाय मधले तीन महिने डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे असतात, जिल्हा रुग्णालयात, तिथे बहुतेकांना पहिल्यांदा आठवडाभर सलग झोप मिळते.

डीएनबीचे तास हॉस्पिटलवर आहेत. मोठ्या ट्रस्ट हॉस्पिटलात पेशंटचा लोड आणि शिकवणं दोन्ही चांगलं असू शकतं, तर छोट्या प्रायव्हेट हॉस्पिटलात तुम्ही नावाला डीएनबी आणि कामाला आरएमओ. ओळखायची खूण अशी, तिथल्या थर्ड इयरला विचारा की गेल्या महिन्यात फर्स्ट सर्जन म्हणून किती केसेस केल्या, किंवा मेडिसिनला असेल तर किती पेशंट कन्सल्टंटच्या आधी स्वतः वर्कअप केले. तो आकडा सांगताना अडखळला तर समजून घ्या.

रँक मधलीच आहे. नको असलेली ब्रँच घेऊ की वर्षभर कंत्राटी करून परत देऊ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पैशाची बाजू आधी बघू. वर्षभर ६० हजारांवर केलं तर ७ लाख २० हजार, जेआर वनचे १० लाख २० हजार, म्हणजे फरक तीन लाखांचा, आणि शिवाय स्पेशालिस्ट म्हणून कमावायला एक वर्ष उशिरा सुरुवात. हा फरक मोठा वाटतो, पण न आवडणाऱ्या ब्रँचमध्ये तीस वर्षं काढण्यापुढे मोठा नाही.

खरा निकष मी वेगळा लावते, या वेळी मार्क कमी का पडले ते माहीत आहे का? इंटर्नशिपमध्ये वेळच मिळाला नाही, अर्धे विषय एकदाही रिव्हाइज झाले नाहीत, तर वर्ष थांबण्यात अर्थ आहे आणि त्या वर्षात कुठली नोकरी घ्यायची ते वर अभ्यासाच्या प्रश्नात लिहिलंय. पूर्ण वर्ष घरी बसून, दोनदा रिव्हिजन करून हीच रँक आली असेल तर पुढच्या वर्षी फार बदल होईल असं मला वाटत नाही, मग हातातल्यांपैकी जिचा रोजचा दिवस तुम्हाला सहन होईल ती ब्रँच घ्या. त्या डिपार्टमेंटच्या ओपीडीत दोन दिवस मागे उभं राहून बघा.

सीट घेऊन सहा महिन्यांत सोडावीशी वाटली तर?

जानेवारी २०२४ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने राज्यांना कळवलं होतं की सीट सोडण्याचा जबर दंड काढून टाका आणि त्याऐवजी एक वर्ष प्रवेशाला बंदी घाला. ती फक्त शिफारस आहे, तुम्हाला लागू होतं ते तुमच्या प्रवेशाच्या वेळच्या माहिती पुस्तिकेतलं कलम. राजीनामा देण्याआधी ते वाचा. आणि सोडण्याचं कारण झोप नसणं, एखाद्या सीनियरचा त्रास किंवा मनातले वाईट विचार असेल तर आधी रजा घ्या, घरी जा, सायकियाट्रीच्या डॉक्टरांना भेटा. जेआर वनचे पहिले चार महिने सगळ्यात वाईट असतात, पुढची बॅच आली की तास खरोखर कमी होतात. तरीही नकोच वाटलं तर सोडा, त्यात कमीपणा काही नाही, फक्त ३६ तास जागं असताना राजीनामा लिहू नका.

कंत्राटी पोस्टवर मॅटर्निटी लीव्ह मिळते का? ऑर्डर मध्येच संपत असेल तर?

मिळते. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असेल तर कायद्याने २६ आठवडे. ऑर्डर मध्येच संपण्याबद्दल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, दिल्लीतल्या एका कंत्राटी सीनियर रेसिडेंट डॉक्टरचीच केस होती. रजा मंजूर झाली पण कंत्राटाची मुदत संपली म्हणून थोड्याच दिवसांचा लाभ दिला होता, कोर्टाने सांगितलं की लाभ कंत्राटाच्या मुदतीपलीकडेही द्यावा लागतो. अर्ज करताना त्या निकालाचा उल्लेख करा, आणि अर्ज आवक-जावकमधून शिक्का घेऊनच द्या, टेबलावर ठेवून येऊ नका. रेसिडेन्सीतही रजा मिळते, पण ठरलेल्या रजेपेक्षा जास्त दिवस गेले की तेवढी टर्म वाढते आणि परीक्षा पुढे जाऊ शकते, म्हणून तारखा आधी डिपार्टमेंटमध्ये बसून मोजून घ्या. प्रोफेशनल फीवरच्या आरएमओला हॉस्पिटल सरळ नाही म्हणतं, ते का ते वर टीडीएसच्या प्रश्नात आलंय, लढायचं असेल तर हजेरीची नोंद आणि ड्युटी रोस्टरचे फोटो दर महिन्याला काढून ठेवलेले असायला हवेत.